स्टॉपिंग पोटेन्शियल आणि वारंवारता यांचा आलेख : एकाच रेषेवरून वर्क फंक्शनची दोन उत्तरे कशी येतात?

मृण्मयी

नमस्कार मंडळी. प्रकाशविद्युत परिणामावरचे एक उदाहरण सोडवताना मला एकाच आलेखावरून वर्क फंक्शनची दोन निरनिराळी उत्तरे मिळत आहेत, आणि त्यांतले कोणते धरायचे हे ठरत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आलेखात आडव्या अक्षावर आपाती प्रकाशाची वारंवारता आहे आणि तिच्या खुणा ४, ५, ६ अशा १० पर्यंत आहेत. अक्षाखाली ‘× १०¹⁴ हर्ट्झ’ असे लिहिले आहे. उभ्या अक्षावर स्टॉपिंग पोटेन्शियल व्होल्टमध्ये आहे. रेषा सरळ असून ती (६.०, ०.२०) आणि (१०.०, १.८६) या दोन बिंदूंतून स्पष्टपणे जाते. धातूची उंबरठा वारंवारता आणि वर्क फंक्शन काढा, एवढाच प्रश्न आहे.

रेषा खाली वाढवली तेव्हा ती आडव्या अक्षाला साधारण ५.५ × १०¹⁴ हर्ट्झपाशी छेदते. या वारंवारतेला h ने गुणले की वर्क फंक्शन २.२९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येते. मात्र V₀ = (h/e)ν − φ/e या समीकरणानुसार उभ्या अक्षावरचा छेद −φ/e असायला हवा, म्हणून मी तीच रेषा आणखी खाली वाढवून उभ्या अक्षापर्यंत नेली. तेथे छेद −०.६३ व्होल्ट मिळतो, म्हणजे वर्क फंक्शन ०.६३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. रेषा पट्टीनेच ओढली आहे आणि दोन्ही बिंदू पुन्हा पडताळून पाहिले आहेत. मग हा फरक कशामुळे?

कुतूहल

माझ्या समजुतीप्रमाणे हा आलेख सरळ रेषेचा नसतोच. विभव ऋण दिशेने वाढवत नेला की प्रवाह हळूहळू कमी होत जातो आणि शून्यावर येतो, म्हणजे तेथे वक्र मिळायला हवा. शिवाय प्रकाशाची तीव्रता वाढवली की तो वक्र वर सरकतो. तुमच्या उदाहरणात तीव्रता दिलेलीच नाही, त्यामुळे कदाचित माहिती अपुरी असल्याने दोन उत्तरे येत असतील.

सरळमार्गी

कुतूहल, तुम्ही सांगता तो प्रवाह आणि विभव यांचा आलेख आहे. येथे चर्चा वेगळ्या आलेखाची चालली आहे. तसा प्रत्येक वक्र जेथे शून्य प्रवाहाला टेकतो तेवढा एकच बिंदू उचलायचा, निरनिराळ्या वारंवारतांसाठी असे बिंदू गोळा करायचे आणि मग हा नवा आलेख काढायचा. तीव्रता वाढली की वक्राचा सपाट भाग वर जातो, पण शून्याला टेकण्याची जागा हलत नाही, म्हणून तीव्रता येथे लागत नाही.

मृण्मयी, तुमचे पहिले उत्तर बरोबर आहे. मी विद्यार्थ्यांना नेहमी एकच सांगतो : उभ्या अक्षाच्या वाटेला जाऊच नका. रेषा आडव्या अक्षाला जेथे छेदते ती उंबरठा वारंवारता, तिला ६.६३ × १०⁻³⁴ ने गुणा आणि १.६ × १०⁻¹⁹ ने भागा, की वर्क फंक्शन इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये हाती येते. उभ्या अक्षावरचा छेद हा गोंधळाचा कारखाना आहे आणि त्यावर विसंबणारी पद्धत चुकीचीच म्हटली पाहिजे.

निर्वात

सरळमार्गींचे उत्तर बरोबर आहे, पण त्यांनी दिलेले कारण मला मान्य नाही. उभ्या अक्षावरच्या छेदाची पद्धत चुकीची नाही. मृण्मयी यांनी जो छेद वाचला तो उभ्या अक्षावरचा छेदच नव्हे, एवढीच गोष्ट आहे.

समीकरणात −φ/e ही किंमत मिळते ती ν शून्य असताना. तुमच्या आलेखात डावीकडची उभी रेघ ४ या खुणेवर उभी आहे. छापताना डावीकडची रिकामी जागा वाया जाऊ नये म्हणून अक्ष मध्येच तोडलेला असतो; काही ठिकाणी तेथे नागमोडी खूण करतात, काही ठिकाणी तीही करत नाहीत. म्हणून त्या रेघेवर मिळालेले −०.६३ व्होल्ट म्हणजे ν = ४.० × १०¹⁴ हर्ट्झ असतानाची रेषेची उंची आहे, त्यापेक्षा जास्त काही नाही.

आता हेच आकड्यांत पाहू. रेषेचा चढ काढण्यासाठी उभा फरक १.८६ − ०.२० = १.६६ व्होल्ट आणि आडवा फरक ४.० × १०¹⁴ हर्ट्झ. भागाकार ४.१५ × १०⁻¹⁵ व्होल्ट सेकंद. हा चढ h/e एवढा असायला हवा आणि h/e ची मान्य किंमत ४.१४ × १०⁻¹⁵ आहे, म्हणजे आलेख विश्वासार्ह आहे. चढ काढल्यावर ही तुलना करण्याची सवय ठेवावी, कारण अक्षाखालचा १०¹⁴ हा घटक कोणी विसरला असेल तर तो येथेच पकडला जातो.

आडव्या अक्षावरचा छेद डोळ्यांनी वाचण्यापेक्षा गणिताने काढलेला बरा. ६.० × १०¹⁴ हर्ट्झला रेषा ०.२० व्होल्ट उंचीवर आहे. ती शून्यावर येण्यासाठी ०.२० भागिले ४.१५ × १०⁻¹⁵, म्हणजे ०.४८ × १०¹⁴ हर्ट्झ मागे जावे लागेल. म्हणून उंबरठा वारंवारता ५.५२ × १०¹⁴ हर्ट्झ.

आणि खरा उभा छेद असा मिळतो. १०.० × १०¹⁴ हर्ट्झपासून शून्यापर्यंत मागे गेल्यास रेषा ४.१५ × १०⁻¹⁵ × १०.० × १०¹⁴ = ४.१५ व्होल्ट खाली उतरते, म्हणून छेद १.८६ − ४.१५ = −२.२९ व्होल्ट, आणि वर्क फंक्शन २.२९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. दोन्ही वाटा एकाच उत्तरापाशी येतात. तुमच्या दोन उत्तरांतला फरक २.२९ − ०.६३ = १.६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि ४.० × १०¹⁴ हर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा याच चढाने बरोबर तेवढीच भरते. अक्षाचा जेवढा तुकडा कापला गेला, तेवढीच ऊर्जा उत्तरातून गळाली.

मृण्मयी

आता फरकाचे कारण स्पष्ट झाले, १.६६ हा आकडा तर डोळ्यांसमोरच होता. एक शंका उरते. छेद −२.२९ व्होल्ट आला तर वर्क फंक्शन थेट २.२९ इलेक्ट्रॉन व्होल्ट लिहायचे, की आधी १.६ × १०⁻¹⁹ ने गुणायचे? माझ्या मैत्रिणीने गुणून ३.६६ × १०⁻¹⁹ इलेक्ट्रॉन व्होल्ट असे उत्तर लिहिले आहे.

तारामती

मैत्रिणीचा आकडा बरोबर आहे, पण त्याच्यापुढचे एकक चुकले आहे. तेथे जूल हवे. छेद म्हणजे φ/e. त्याला e ने गुणले की φ जूलमध्ये मिळते, म्हणून ३.६६ × १०⁻¹⁹ जूल. इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात e आधीच सामावलेला आहे, त्यामुळे व्होल्टमध्ये वाचलेला आकडा तसाच इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये लिहिता येतो आणि गुणाकाराची गरज पडत नाही. उत्तर आवाक्यातले आहे का हे एका नजरेत कळावे यासाठी एवढे लक्षात ठेवले तरी चालेल, की या उदाहरणांत येणाऱ्या धातूंचे वर्क फंक्शन साधारण २ ते ६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दरम्यान असते. त्या दृष्टीने ०.६३ हे उत्तरही पाहताक्षणीच खटकायला हवे होते.

उत्तरपत्रिका तपासताना हीच चूक चढाच्या बाबतीतही वारंवार दिसते. चढ ४.१५ × १०⁻¹⁵ काढून तीच प्लांकच्या स्थिरांकाची किंमत म्हणून लिहितात आणि पुढे जूल सेकंद असे एकक जोडून मोकळे होतात. व्होल्ट सेकंदला e ने गुणल्याशिवाय जूल सेकंद होत नाही. गुणल्यावर ६.६४ × १०⁻³⁴ येते आणि ओळखीचा आकडा समोर दिसतो.

सरळमार्गी

निर्वात यांचे गणित मान्य. तरीही माझा मुद्दा मी सोडणार नाही. उभ्या छेदासाठी तुम्हाला १०.० पासून थेट शून्यापर्यंत मागे जावे लागते आणि तेथे एकही वाचन घेतलेले नाही. आडवा छेद मात्र वाचनांच्या शेजारीच आहे. ज्या गावाला कोणी गेले नाही तेथली हकिकत सांगण्यापेक्षा वेशीवरचीच सांगावी, हे बरे नाही का?

निर्वात

हा मुद्दा रास्त आहे आणि त्याचे मोजमापही करता येते. समजा, या आलेखातल्या दोन्ही बिंदूंच्या वाचनात ०.०२ व्होल्टची अनिश्चितता आहे. खालचा बिंदू ०.१८ आणि वरचा १.८८ धरला तर सर्वांत उभी रेषा मिळते. तिचा चढ ४.२५ × १०⁻¹⁵, आडवा छेद ५.५८ × १०¹⁴ हर्ट्झ आणि उभा छेद −२.३७ व्होल्ट. उलट खालचा ०.२२ आणि वरचा १.८४ धरला तर सर्वांत आडवी रेषा मिळते. तिचा चढ ४.०५ × १०⁻¹⁵, आडवा छेद ५.४६ × १०¹⁴ हर्ट्झ आणि उभा छेद −२.२१ व्होल्ट.

म्हणजे उभ्या छेदावरून वर्क फंक्शन २.२१ ते २.३७ च्या दरम्यान कोठेही पडू शकते. तेच आडवे छेद घेऊन मान्य h ने गुणले, तर २.२६ ते २.३१ एवढीच मर्यादा राहते. सरळमार्गींची वाट जवळजवळ तिप्पट घट्ट उत्तर देते हे खरे आहे. मात्र त्याचे कारणही पाहावे : ती वाट चढाची माहिती आलेखातून न घेता बाहेरून, मान्य किंमतीच्या रूपाने, आणते. प्रश्नात ‘आलेखावरून h आणि φ काढा’ असे म्हटले असेल तर ही वाट बंद होते, कारण जी राशी शोधायची तीच आधी गृहीत धरली जाते. तेव्हा चढ आलेखाचा, छेदही आलेखाचा, आणि मग φ = e × चढ × ν₀ असेच काढावे लागते; त्यातली अनिश्चितताही उभ्या छेदाएवढीच निघते.

तारामती

याला एक पुस्ती जोडते. चढ काढताना दिलेल्या वाचनांपैकी कोणतीही दोन उचलू नयेत. ओढलेल्या रेषेवरचे, एकमेकांपासून शक्य तितके दूर असलेले दोन बिंदू घ्यावेत. वाचनांचे ठिपके रेषेच्या थोडे वर-खाली असतात. शेजारशेजारचे दोन ठिपके घेतले, तर त्यांची थोडीशी घसरणही चढ पार बिघडवते.

प्रयोगवही

धागा उदाहरणांचा आहे, पण माझी अडचण याच आलेखाची असल्यामुळे येथेच लिहितो. आमच्या प्रयोगशाळेत पाऱ्याच्या दिव्याच्या वर्णरेषा फिल्टरने वेगळ्या करून फोटोट्यूबवर सोडतो आणि प्रवाह शून्य होईल तो विभव टिपतो. मला मिळालेली वाचने अशी आहेत.

```
λ (nm)    ν (10^14 Hz)    V₀ (V)
578       5.19            0.37
546       5.49            0.47
436       6.88            0.96
405       7.41            1.15
365       8.21            1.42
```

बिंदू एका सरळ रेषेवर अगदी छान बसतात. चढ ३.४८ × १०⁻¹⁵ व्होल्ट सेकंद येतो, म्हणजे h ची किंमत ५.५७ × १०⁻³⁴ जूल सेकंद, मान्य किंमतीपेक्षा सुमारे १६ टक्के कमी. उभा छेद −१.४४ व्होल्ट आणि उंबरठा वारंवारता ४.१३ × १०¹⁴ हर्ट्झ. अक्ष शून्यापासूनच घेतला आहे, त्यामुळे येथे तुटलेल्या अक्षाची भानगड नाही. रेषा इतकी सरळ असताना चढ एवढा कमी कसा? वाचनांतला विस्कळीतपणा पाहता १६ टक्क्यांची चूक मला पटत नाही.

कुतूहल

दिव्याची तीव्रता प्रत्येक रेषेसाठी वेगळी असते. त्यामुळे असे होत असेल का?

निर्वात

कुतूहल, हा प्रश्न येथे अगदी योग्य आहे. प्रयोगवही यांनी प्रथम तीच चाचणी घ्यावी. एकच वर्णरेषा ठेवून तीव्रता निम्मी करा आणि प्रवाह शून्य होण्याचा विभव पुन्हा टिपा. तो हलला तर मापकाचा शून्य सरकलेला आहे, बाहेरचा उजेड आत येतो आहे किंवा कोठेतरी गळतीचा प्रवाह आहे, कारण हे घटक दिव्याच्या तीव्रतेबरोबर कमी-जास्त होत नाहीत. तो हलला नाही तर संशय दुसरीकडे न्यावा लागेल.

ते दुसरे कारण मला अधिक संभवनीय वाटते. प्रकाशाचा काही भाग कॅथोडवरून परावर्तित होऊन ॲनोडवर पडतो. ॲनोडही इलेक्ट्रॉन सोडू लागला तर उलट दिशेचा लहान प्रवाह सुरू होतो, आणि आपण लावलेला विरोधी विभव त्या उलट्या प्रवाहाला मदतच करतो. मापक शून्य दाखवतो तेव्हा कॅथोडचे इलेक्ट्रॉन थांबलेले नसतात. दोन प्रवाह फक्त एकमेकांना फेडतात. म्हणून टिपलेला विभव खऱ्या स्टॉपिंग पोटेन्शियलपेक्षा कमी येतो. अतिनील रेषेला ॲनोडचे उत्सर्जन बहुधा जास्त असते, त्यामुळे उजवीकडचे बिंदू डावीकडच्यांपेक्षा अधिक खाली ओढले जातात आणि चढ कमी होतो. रेषा सरळ दिसते म्हणून वाचने निर्दोष आहेत असे ठरत नाही. याची खूण ओळखणे सोपे आहे : प्रवाह शून्यावर न थांबता विभव आणखी वाढवत न्या. प्रवाह ऋण होऊन एका छोट्या किंमतीवर सपाट झाला तर ॲनोड दोषी आहे.

तीव्रतेची चाचणी हा दोष पकडू शकत नाही, हेही लक्षात असू द्यावे. तीव्रता निम्मी केली की सुलटा आणि उलटा असे दोन्ही प्रवाह निम्मे होतात आणि शून्याची जागा तेथेच राहते.

आता वर्क फंक्शनकडे वळतो, कारण तुमचा १.४४ हा आकडा कॅथोडचा आहे असे गृहीत धरता येत नाही. कॅथोड आणि ॲनोड निरनिराळ्या पदार्थांचे असतील आणि तारेने जोडलेले असतील, तर त्यांच्यात संपर्क विभव निर्माण होतो. कॅथोडमधून निघालेल्या इलेक्ट्रॉनची महत्तम ऊर्जा hν − φ(कॅथोड) असते, पण ॲनोडपर्यंत पोहोचताना त्याला φ(ॲनोड) − φ(कॅथोड) एवढा आणखी चढाव लागतो. दोन्ही एकत्र केले की कॅथोडचे पद निघून जाते आणि मापकावरच्या विभवासाठी eV₀ = hν − φ(ॲनोड) एवढेच उरते. चढ तोच राहतो, रेषा फक्त वर किंवा खाली सरकते. प्रयोगातला सरळ वाचलेला छेद त्यामुळे ॲनोडचे वर्क फंक्शन सांगतो.

तुमच्या वाचनांतही याचा धागा सापडतो. ॲनोड स्वच्छ टंगस्टनचा असता तर त्याचे वर्क फंक्शन ४.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते, आणि ३६५ नॅनोमीटरच्या ३.४० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनलाही विरोधी विभवाची गरजच पडली नसती. उलट प्रवाह सुरू होण्यासाठी मदतीचा विभव लावावा लागला असता. तुम्हाला १.४२ व्होल्ट विरोध करावा लागतो, याचा अर्थ ॲनोडच्या पृष्ठभागाचे वर्क फंक्शन फार कमी आहे. कॅथोडवरचा अल्क धातू कालांतराने ॲनोडवर जाऊन बसला असावा असा माझा कयास आहे. तसे असेल तर पाऱ्याच्या या सगळ्याच रेषा ॲनोडमधूनही इलेक्ट्रॉन काढू शकतात, आणि उलट्या प्रवाहाचा उलगडाही त्यातच होतो.

मिलिकनने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात या दोन्ही अडचणींचा बंदोबस्त केलेला दिसतो. सोडियम आणि लिथियमचे पृष्ठभाग त्याने निर्वातातच खरवडून ताजे केले, संपर्क विभव स्वतंत्रपणे मोजला, आणि इलेक्ट्रॉन गोळा करण्यासाठी ऑक्साइड चढलेल्या तांब्याची जाळी वापरली, म्हणजे वापरलेल्या प्रकाशाने ती स्वतः इलेक्ट्रॉन सोडणार नाही. h ची किंमत त्याला ६.५७ × १०⁻²⁷ अर्ग सेकंद मिळाली.

सरळमार्गी

हे खरे मानले तर मृण्मयींच्या उदाहरणातले २.२९ हे उत्तरही ॲनोडचे ठरते. मग उदाहरणात ‘धातूचे वर्क फंक्शन काढा’ असे म्हणण्यात अर्थ काय? परीक्षेत विद्यार्थ्याने ‘हे संग्राहकाचे वर्क फंक्शन आहे’ असे लिहिले तर त्याला गुण मिळतील का?

तारामती

परीक्षेच्या उदाहरणात दिलेला विभव संपर्क विभवाची दुरुस्ती केलेला आहे असेच मानायचे असते, जरी ते शब्दांत लिहिलेले नसले तरी. त्यामुळे तेथे २.२९ इलेक्ट्रॉन व्होल्ट हे उत्सर्जक धातूचेच वर्क फंक्शन. विद्यार्थ्याने वेगळे लिहिले तर गुण कापले जातील, आणि त्यात परीक्षकाला दोष देता येणार नाही. तरीही प्रश्न काढणाऱ्यांनी ‘दुरुस्तीनंतरचे स्टॉपिंग पोटेन्शियल’ एवढे तीन शब्द घालावेत असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. जागा काही फार लागत नाही.

निर्वात

सहमत. यातला एक बारकावा मात्र उदाहरणांतही कामास येतो. उंबरठा वारंवारतेच्या दोन व्याख्या येथे नकळत एकत्र होतात : एक, जिच्याखाली कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतच नाही ती; आणि दोन, जेथे वाढवलेली रेषा आडव्या अक्षाला छेदते ती. दुरुस्ती केलेल्या विभवासाठी दोन्ही एकच असतात. प्रयोगशाळेतल्या कच्च्या वाचनांसाठी त्या एक असतीलच असे नाही. प्रयोगवही यांना कॅथोडचीच उंबरठा वारंवारता हवी असेल, तर मदतीचा विभव लावून ठेवावा आणि तरंगलांबी वाढवत नेऊन प्रवाह कोठे नाहीसा होतो ते पाहावे; रेषा वाढवून ती मिळणार नाही.

प्रयोगवही

सांगितल्याप्रमाणे पाहिले. तीव्रता निम्मी केल्यावर शून्याची जागा वाचनाच्या मर्यादेत हलली नाही. विभव पुढे वाढवत नेल्यावर प्रवाह ऋण झाला आणि सपाट राहिला. ३६५ नॅनोमीटरच्या रेषेला तो ऋण प्रवाह सर्वांत ठळक होता, ५७८ च्या रेषेला जेमतेम दिसतो.

त्यानंतर शून्याचा बिंदू न घेता, वक्र त्या सपाट ऋण भागापासून जेथे वर उचलला जातो तो बिंदू घेतला. ५७८ साठी ०.४१ व्होल्ट आणि ३६५ साठी १.६२ व्होल्ट मिळाले. या दोहोंवरून चढ ४.०१ × १०⁻¹⁵ येतो, म्हणजे h फक्त ३ टक्के कमी. उभा छेद −१.६७ व्होल्ट आणि आडवा छेद ४.१७ × १०¹⁴ हर्ट्झ. चढ आणि उभा छेद चांगलेच बदलले, पण आडवा छेद ४.१३ वरून ४.१७ एवढाच हलला, हे मला अनपेक्षित होते.

सरळमार्गी

म्हणजे पहिल्या, बिघडलेल्या आलेखातलाही आडवा छेद घेऊन मान्य h ने गुणले असते तर १.७१ आले असते, आणि दुरुस्त आलेखावरून १.७३ येते. उभ्या छेदाने मात्र १.४४ आणि १.६७ असा गोंधळ घातला. मी आधीपासून हेच सांगत आहे.

निर्वात

या बाबतीत तुमची पद्धत तगली, आणि त्याचे कारणही दिसते : बिघाड उच्च वारंवारतेकडे जास्त आणि उंबरठ्याकडे कमी होता. पण याला नियम समजू नये. संपर्क विभवामुळे सगळी रेषा सारखीच सरकली असती, तर आडवा छेदही तेवढाच फसवा ठरला असता आणि चढ निर्दोष असल्यामुळे कोणाला शंकाही आली नसती. शिवाय हे १.७३ कोणाचे, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते ते ॲनोडवरच्या थराचे आहे.

प्रयोगवही

माझी अडचण आता त्या ‘वर उचलल्या’ जाणाऱ्या बिंदूची आहे. तेथे वक्र कोपरा करून वळत नाही, हळूहळू वळतो. माझ्या सहकाऱ्याने त्याच वक्रावर ३६५ साठी १.७० व्होल्ट वाचले आणि ५७८ साठी मात्र माझ्यासारखेच ०.४१ वाचले. त्याच्या वाचनाने चढ ४.२७ × १०⁻¹⁵ होतो, म्हणजे h आता मान्य किंमतीपेक्षा ३ टक्के जास्त. आमच्या दोघांच्या मधोमध मान्य किंमत पडते, पण ती माहीत असल्यामुळे बिंदू निवडताना हात तिकडे वळत नसेल याची खात्री देता येत नाही. डोळ्यांनी न ठरवता हा बिंदू ठरवण्याची एखादी ठाम रीत कोणी वापरत आहे का?

निर्वात

सपाट ऋण भागाला एक सरळ रेषा बसवून ती सगळ्या वाचनांतून वजा करावी, आणि उरलेल्या प्रवाहाचे वर्गमूळ विभवासमोर मांडून पाहावे. शेवटचा तुकडा पुष्कळदा त्यामुळे सरळ होतो आणि तो वाढवून शून्यावर नेता येतो. मात्र वर्गमूळच का घ्यावे, याचे समर्थन इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची विभागणी कशी धरली आणि ट्यूबची रचना कशी आहे यावर अवलंबून असते, त्यामुळे तुमच्या ट्यूबसाठी ते लागू होईल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पाचही वर्णरेषांचे संपूर्ण वक्र येथे टाकलेत तर पाहता येईल.

तारामती

मृण्मयींच्या सोयीसाठी विनंती : वक्रांची चर्चा पुढे न्यायची असल्यास त्यासाठी वेगळा धागा काढावा.